पाणी, ऊस आणि भिजलेले काळे रान: उजनीच्या प्रतिमेसाठी बँडची निवड आणि स्ट्रेच

प्रश्न: मी क्यूजीआयएसमध्ये उजनीच्या बॅकवॉटरची सेंटिनेल-२ ची जानेवारीतली प्रतिमा उघडली आहे. ८-४-३ लावलं की ऊस लालभडक दिसतो, पण धरणाचं पाणी आणि नुकतंच भिजवलेलं काळं रान दोन्ही सारखंच काळपट दिसतं. वर, झूम केलं किंवा नकाशा सरकवला की रंगच बदलतात. शेतं आणि पाणी दोन्ही एकाच चित्रात स्वच्छ दिसावं, तर कोणते बँड घ्यावेत आणि स्ट्रेच कसा द्यावा?

उत्तर:

लाल चॅनेलला B11, हिरव्याला B08 आणि निळ्याला B03 द्या, आणि स्ट्रेच सॉफ्टवेअरवर न सोडता किमान-कमाल आकडे स्वतः भरा. उजनीच्या परिसरात हिवाळ्यातल्या प्रतिमेसाठी मी B11 ला १००० ते ४५००, B08 ला १००० ते ५५०० आणि B03 ला ११०० ते २४०० हे आकडे देऊन सुरुवात करतो. या चित्रात ऊस हिरवा, नांगरलेले काळे रान जांभळट, मुरमाड माळ फिकट गुलाबी आणि पाणी गडद निळे दिसते. हे आकडे कोठून आले ते समजून घेतले, तर दुसऱ्या धरणासाठी किंवा दुसऱ्या महिन्यासाठी ते तुम्हाला स्वतः बदलता येतील. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

८-४-३ मध्ये B08, म्हणजे निकट अवरक्त बँड, लाल चॅनेलवर असतो. हिरवे पान या किरणांचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकते, तर पाणी जवळजवळ सगळे शोषून घेते; त्यामुळे पीक आणि पाणी यांचा फरक या जोडणीत उत्तम कळतो. अडचण येते ती पीक नसलेल्या जमिनीची, आणि त्यातही आपल्या काळ्या जमिनीची. कोरडी असतानाही ती दृश्य प्रकाशात आठ-दहा टक्के आणि निकट अवरक्तात पंधरा-वीस टक्केच परावर्तन देते. तिला पाणी दिले की हे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. अशा रानाचे B08 मधले परावर्तन दहा टक्क्यांपर्यंत उतरते, आणि गढूळ किंवा शेवाळलेल्या पाण्याचे त्याच बँडमधले परावर्तन शून्यापासून वर सरकून तीन-चार टक्क्यांवर येते. डोळ्याला दोन्ही काळेच. ही जोडणी पाठ्यपुस्तकांतून आपल्याकडे आली ती बऱ्याचदा फिकट मातीच्या प्रदेशांची उदाहरणे घेऊन. तिथे हा गोंधळ एवढा जाणवत नाही.

या दोघांना खऱ्या अर्थाने वेगळे करतो तो लघुतरंग अवरक्त बँड, ज्याला आम्ही बोलताना नुसते ‘स्विर’ म्हणतो. सेंटिनेल-२ वर B11 हा १६१० नॅनोमीटरच्या आसपासचा बँड त्यातलाच. या तरंगलांबीला पाण्याचा अगदी पातळ थरही किरण गिळून टाकतो. पाण्यात गाळ असला तरी फारसा फरक पडत नाही, कारण किरण गाळाच्या कणांवर आपटून परत येण्याआधीच शोषले जातात. म्हणून पावसाळ्यातले मातकट पाणीसुद्धा B11 मध्ये काळेच राहते, आणि B08 मध्ये मात्र ते उजळलेले असते. भिजलेल्या काळ्या रानात पाणी मातीच्या कणांमध्ये मुरलेले असते, वर साचलेले नसते. त्यामुळे तिथून दहा-बारा टक्के किरण परत येतातच. एकीकडे एक टक्क्याहून कमी आणि दुसरीकडे दहा टक्के, एवढी दरी B08 मध्ये कधीच मिळत नाही.

आता कोणता बँड कोणत्या चॅनेलवर ठेवायचा, हा प्रश्न उरतो. B08 हिरव्यावर ठेवण्याचे कारण साधे आहे: पीक हिरवे दिसले की नकाशा वाचणाऱ्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. एकदा मी एका गावच्या बैठकीत ८-४-३ ची छापील प्रत भिंतीवर लावली होती, तेव्हा पुढे बसलेल्या आजोबांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘एवढं रान पेटलं कधी?’ हा. तेव्हापासून शेतकऱ्यांसमोर मी लाल उसाचे चित्र ठेवत नाही. निळ्या चॅनेलसाठी बहुतेक ठिकाणी B02 किंवा B04 सुचवलेला आढळतो, आणि ते चूक नाही. मी मात्र आपल्या जलाशयांसाठी B03 पसंत करतो. उजनीचे पाणी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात शेवाळामुळे हिरवट असते, आणि अशा पाण्याचे सर्वाधिक परावर्तन हिरव्या पट्ट्यातच, ५६० नॅनोमीटरच्या आसपास असते. पावसाळ्यात ते गढूळ होते, तेव्हाही B03 भरपूर उजळलेला असतो. म्हणजे ऋतू कोणताही असला तरी पाण्यातून परत येणारा जो काही प्रकाश आहे, तो निळ्या चॅनेलवर उमटतो आणि पाणी निळे दिसते. B02 मध्ये धुरकटपणाचा परिणाम जास्त राहतो. हिवाळी सकाळच्या प्रतिमांत तो पाण्यावर एक दुधी पडदा टाकतो.

फाइल जोडताना एक गोष्ट सांभाळावी लागते. B08 आणि B03 दहा मीटरचे आहेत आणि `R10m` या फोल्डरमध्ये मिळतात. B11 वीस मीटरचा आहे आणि तो `R20m` मध्ये असतो. तिन्ही एकत्र करताना पुढीलप्रमाणे आज्ञा दिली की बारीक रिझोल्यूशन कायम राहते. फाइलींची नावे इथे सोयीसाठी लहान केली आहेत.

```
gdalbuildvrt -separate -resolution highest -r bilinear \
  -srcnodata 0 -vrtnodata 0 \
  ujani.vrt B11_20m.jp2 B08_10m.jp2 B03_10m.jp2
```

`-r bilinear` दिले नाही तर मूळच्या वीस मीटरच्या चौकटी जशाच्या तशा राहतात आणि बांधांच्या, काठांच्या कडेला लाल-निळ्या पायऱ्या दिसू लागतात. `bilinear` ने त्या पायऱ्या दिसायला बऱ्या होतात एवढेच. B11 ची माहिती वीस मीटरचीच राहते, याचा संदर्भ पुढे शेततळ्यांच्या वेळी येईल. `-srcnodata 0` देण्याचे कारण असे की, प्रतिमेच्या रिकाम्या कोपऱ्यांत शून्य भरलेले असते, आणि ते आकडेमोडीत आले तर किमान मूल्याचा पायाच चुकतो.

यानंतरची गोष्ट स्ट्रेचपेक्षाही आधी समजून घ्यायला हवी, कारण वर दिलेल्या आकड्यांत १००० पुन्हा पुन्हा का येतो, याचे उत्तर तिच्यात आहे. सेंटिनेल-२ च्या फाइलीत परावर्तन दहा हजारांनी गुणून पूर्णांकात ठेवलेले असते. म्हणजे चाळीस टक्के परावर्तन ४००० असे लिहिलेले असते. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ०४.०० या प्रक्रिया-आवृत्तीपासून त्यात आणखी १००० मिळवलेले असतात. पाण्यासारख्या अति गडद पृष्ठभागावर वातावरणीय दुरुस्तीनंतर मूल्य कधी कधी शून्याच्या किंचित खाली जाते आणि पूर्वी ते कापले जायचे. ते वाचवण्यासाठी ही सोय केली. त्यामुळे आता खरे शून्य हे १००० वर आहे आणि चाळीस टक्के हे ५००० वर. किमान मूल्य ० ठेवले तर सगळ्या चित्रावर राखाडी धुके पसरल्यासारखे दिसते, पाणी काळे न होता करडे होते, आणि माणूस उगाच हवेतल्या धुळीला दोष देत बसतो.

तुमच्या फाइलीत ही वाढ आहे की नाही, हे केवळ प्रतिमेच्या तारखेवरून ठरवू नका, कारण जुन्या प्रतिमाही नव्या आवृत्तीत पुन्हा तयार करून संग्रहात ठेवल्या गेल्या आहेत. फाइलीच्या नावात `N0400` किंवा त्यापुढचा आकडा असेल, जसे `N0500`, तर वाढ आहे असे समजा. खात्रीसाठी `MTD_MSIL2A.xml` मध्ये `BOA_ADD_OFFSET` शोधा, तिथे `-1000` लिहिलेले आढळेल. काही ऑनलाइन व्यासपीठे ही वाढ आधीच काढून प्रतिमा देतात. तशी प्रतिमा असेल तर माझ्या सगळ्या आकड्यांतून १००० वजा करा: B11 ला ० ते ३५००, B08 ला ० ते ४५०० आणि B03 ला १०० ते १४००.

आता झूम केल्यावर रंग बदलण्याबद्दल. लेअरच्या `Symbology` मध्ये `Min / Max Value Settings` उघडा. तिथे `Statistics extent` पुढे `Updated canvas` निवडलेले असणार. याचा अर्थ, पडद्यावर जेवढा भाग दिसतो तेवढ्याच पिक्सेलवरून किमान-कमाल दर वेळी नव्याने काढले जातात. ते `Whole raster` केले की रंगांचा नाच थांबेल, पण मूळ दोष जाणार नाही. तो दोष `Cumulative count cut` मध्ये आहे. ही पद्धत सर्वांत गडद दोन टक्के पिक्सेल काळे करते आणि सर्वांत उजळ दोन टक्के पांढरे करते. मधल्यांना समान वाटून देते. कोणते दोन टक्के, हे ती पाहत नाही.

समजा, तुम्ही पाणी सोडून इंदापूरकडच्या शेतांवर झूम केले. पडद्यावर पाणी नाहीच, तेव्हा B11 मधले सर्वांत गडद दोन टक्के पिक्सेल म्हणजे भिजवलेली राने. किमान मूल्य २१०० च्या आसपास जाऊन बसते आणि ती राने लाल चॅनेलवर सपाट शून्य होतात. B11 घेण्याचा सगळा फायदा इथे बुडाला, कारण पाणीही शून्य आणि भिजलेले रानही शून्य. संपूर्ण टाइलवर हिशेब केला आणि कोपऱ्यात ढग असले, तर उलटे होते: B03 चे कमाल मूल्य ढगांमुळे पाच हजारांच्या पलीकडे जाते, आणि पाणी, ऊस, माती हे सगळे निळ्या चॅनेलच्या तळाशी गोळा होते. चित्र काळवंडते. दोन्ही वेळा बँड योग्यच निवडलेले असतात, पण स्ट्रेच त्यांचे काम पुसून टाकतो.

म्हणून माझी पद्धत अशी. प्रतिमेवर ज्या पृष्ठभागांत फरक दिसायला हवा, ते आधी मनाशी ठरवतो. इथे ते पाच आहेत: धरणाचे मधले पाणी, उभा ऊस, कोरडे काळे रान, भिजलेले काळे रान आणि मुरमाड माळ. मग `Identify Features` घेऊन प्रत्येकाच्या पाच-सहा ठिकाणी क्लिक करतो आणि तिन्ही बँडचे आकडे कागदावर लिहितो. पाण्याचे बिंदू काठापासून आत घ्यावेत. उसाचे बिंदू मोठ्या, सलग फडाच्या मध्यावर घ्यावेत. उजनीच्या जानेवारीतल्या प्रतिमेसाठी मी धरतो ती ठोकळ मूल्ये, B11, B08, B03 या क्रमाने, अशी: पाणी १०५०, ११५०, १६००. ऊस २८००, ५०००, १६००. कोरडे काळे रान ३२००, २६००, १८००. भिजलेले काळे रान २१००, २०००, १५००. मुरमाड माळ ४४००, ३८००, २२००. तुमच्या प्रतिमेत यात शे-दोनशेचा फरक सहज पडेल.

या आकड्यांवरून मर्यादा ठरतात. B11 आणि B08 यांचे किमान मूल्य मी नेहमी १००० वर, म्हणजे खऱ्या शून्यावर ठेवतो आणि ते प्रतिमेगणिक बदलत नाही, कारण हाच काळा रंग पाण्यासाठी राखून ठेवायचा आहे. दुसऱ्या कशालाही तिथे येऊ द्यायचे नाही. कमाल मूल्य आपल्याला हव्या असलेल्या सर्वांत उजळ पृष्ठभागाच्या थोडे वर ठेवतो. B11 मध्ये तो पृष्ठभाग मुरमाड माळ आहे, म्हणून ४५००. B08 मध्ये जोमदार ऊस, म्हणून ५५००. B03 मध्ये सगळे पृष्ठभाग १५०० ते २२०० या अरुंद पट्ट्यात दाटलेले असतात, म्हणून त्याला ११०० ते २४०० एवढीच रुंदी देतो. ढग आणि पत्र्याची छपरे याच्या बाहेर जाऊन पूर्ण पांढरी होतील, तर होऊ द्यावीत. त्यांच्यातला तपशील आपल्याला नको आहे.

हे आकडे `Min` आणि `Max` च्या चौकटींत भरले की वरची निवड आपोआप `User defined` होते. `Contrast enhancement` पुढे `Stretch to MinMax` असू द्या. आता एक पिक्सेल हाताने चालवून पाहू. पाण्याच्या B11 चे मूल्य १०५०. त्यातून किमान १००० वजा केले की ५० उरतात, त्याला ३५०० या रुंदीने भागून २५५ ने गुणले की जवळपास ४ येतात. असेच B08 चे ९ आणि B03 चे ९८. पडद्यावर ४, ९, ९८ म्हणजे गडद निळा. भिजलेल्या काळ्या रानाचे याच हिशेबाने ८०, ५७, ७८ येतात, म्हणजे काळपट जांभळा. दोघांचा निळा फार वेगळा नाही. फरक आहे तो लाल चॅनेलवरच्या ४ आणि ८० मध्ये, आणि तो डोळ्याला चटकन जाणवतो. उसाचे १३१, २२७, ९८ म्हणजे पोपटीकडे झुकणारा हिरवा, आणि कोरड्या काळ्या रानाचे १६०, ९१, १३७ म्हणजे मातकट जांभळा. ऊस आणि पाणी यांचा निळा तंतोतंत सारखा आला आहे, हेही पाहा. दोन्ही पृष्ठभाग B03 मध्ये एकसारखे आहेत आणि त्यांना वेगळे करण्याचे काम B08 आणि B11 यांनी केले आहे.

इतर स्ट्रेचविषयी थोडक्यात. हिस्टोग्राम समतोल करणारा स्ट्रेच या कामासाठी घेऊ नये. ज्या मूल्यांचे पिक्सेल जास्त, त्यांना तो जास्त छटा देतो, आणि जलाशय मोठा असेल तर सपाट पाण्याच्या मूल्यांतले किरकोळ चढउतार लाटांसारखे फुगवून दाखवतो. सरासरी अधिक-उणे प्रमाण विचलन ही पद्धत एका टेकडीच्या आकाराच्या हिस्टोग्रामसाठी चांगली. पाणी आणि जमीन एकाच चौकटीत असली की B11 चा हिस्टोग्राम दोन टेकड्यांचा होतो आणि सरासरी त्यांच्या मधल्या ओसाड दरीत पडते. गॅमा १ वरच ठेवा. पाण्यातले शेवाळाचे पट्टे पाहायचे असतील, तर त्यासाठी वेगळी शैली करून B03 ची रुंदी आणखी कमी करावी. एकाच चित्राकडून दोन्ही अपेक्षा केल्या की शेतांचे रंग बिघडतात.

चित्र डोळ्याला पटले तरी ते एकदा आकड्याने तपासावे. निळ्यावरचा B03 आणि लालवरचा B11 यांच्यातूनच पाण्याचा सुधारित निर्देशांक निघतो. वरच्या व्हीआरटीत ते अनुक्रमे तिसरे आणि पहिले आहेत, म्हणून रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये सूत्र असे लिहा:

```
("ujani@3" - "ujani@1") / ("ujani@3" + "ujani@1" - 2000)
```

छेदातले २००० म्हणजे दोन्ही बँडमधली हजार-हजारांची वाढ. अंशात ती एकमेकांना कापून जाते. वरच्या मूल्यांवर पाण्याचा निर्देशांक ०.८५ येतो, भिजलेल्या रानाचा उणे ०.३८ आणि उसाचा उणे ०.५. शून्याच्या वरचा भाग अर्धपारदर्शक करून चित्रावर ठेवला की जिथे निळे दिसते तिथेच तो बसतो का, ते कळते. २००० वजा करायचे विसरलात तर पाण्याचा निर्देशांक ०.२१ वर घसरतो. चिन्ह बदलत नाही, म्हणून शून्याची सीमारेषा तशीच राहते आणि चूक लपून जाते. पण कोणी ०.३ ची सीमा लावली असेल, तर धरणच नकाशावरून गायब होते. वनस्पतींच्या निर्देशांकातही हाच प्रकार होतो: B08 चे ५००० आणि B04 चे १४०० असतील तर खरे उत्तर ०.८२ आहे, आणि वाढ न काढता ते ०.५६ येते. चांगला वाढलेला ऊस मग मध्यम पिकासारखा वाटू लागतो.

एवढे केल्यावरही तीन ठिकाणी ही जोडणी फसते, आणि उजनीवर तिन्ही भेटतात.

पहिली जलपर्णी. ती पाण्यावर असली तरी वनस्पतीच, त्यामुळे B08 मध्ये उसासारखीच उजळते आणि चित्रात हिरवी येते. B11 मध्ये ती उसापेक्षा थोडी गडद असते, म्हणून तिचा हिरवा जास्त शुद्ध, कमी पोपटी दिसतो. पण एवढ्या फरकावर मी निर्णय देणार नाही. खरा पुरावा दोन तारखांत आहे. जलपर्णीचे थर वाऱ्याने सरकतात. पाच किंवा दहा दिवसांनंतरची प्रतिमा त्याच स्ट्रेचने शेजारी ठेवली की हिरवा डाग दुसऱ्या खाडीत गेलेला दिसतो. धरणाच्या फुगवट्याची रेषा मागे सरकल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर केलेले गाळपेरीचे पीकही जलाशयाच्या आत हिरवे दिसते. ते मात्र जागचे हलत नाही, आणि त्याच्या पट्ट्यांच्या कडा सरळ असतात.

दुसरी फसगत पाचट जाळलेल्या शेतांची. ऊस तुटल्यावर पाचट पेटवले की काळी राख आणि काळी माती मिळून B08 मध्ये परावर्तन फार खाली जाते, आणि ८-४-३ मध्ये फडाच्या मधोमध तळे असल्यासारखे दिसते. आमच्या जोडणीत अशी शेते काळपट तांबडी येतात, कारण B11 पूर्ण शून्यावर जात नाही. तरी जाळल्यानंतर दोन-चार दिवसांच्या प्रतिमेत संशय राहतोच. निर्देशांक उणे आला की तो मिटतो.

तिसरी आणि सर्वांत चिवट अडचण शेततळ्यांची. नेहमीचे शेततळे तीस बाय तीस मीटरचे. B11 चा पिक्सेल वीस मीटरचा. तळे पिक्सेलच्या जाळीत नेमके कसे बसले आहे, त्यावर एखादा पूर्ण पाण्याचा पिक्सेल मिळतो किंवा एकही मिळत नाही. बाकीच्यांत पाणी, बांधाची माती आणि शेजारचे पीक यांची खिचडी असते. असे तळे निळे न दिसता धुरकट जांभळे दिसते, आणि बायलिनिअरने ते आणखी पसरते. शेततळी मोजायची असतील तर B08 एकटा करड्या छटेत, १००० ते ३००० अशा स्ट्रेचने पाहा; दहा मीटरच्या त्या बँडमध्ये तळ्याचे तीन-चार तरी स्वच्छ काळे पिक्सेल सापडतात. भिजलेल्या रानाचा घोळ तिथे परत येतो. पण भिजलेले रान वाफ्यांच्या आकाराने आडवेतिडवे पसरलेले असते आणि पुढच्या तारखेला वाळून उजळते. तळे चौकोनी असते आणि काळेच राहते.

तारखेची निवड मी शेवटी सांगतो आहे, पण काम करताना ती आधी करावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ढगांतून प्रतिमा मिळाली तरी माळावरचे गवत आणि शेतातले पीक सारखेच हिरवे असतात. तेव्हा कोणतीही जोडणी शेते वेगळी दाखवू शकत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळलेले असते आणि ज्वारी, गहू, हरभरा, ऊस उभा असतो. मेमध्ये जे हिरवे दिसते ते जवळजवळ सगळे बागायत, म्हणजे ऊस, केळी आणि चारा. मी साधारणपणे जानेवारी आणि मे अशा दोन तारखा घेतो. पाणी किती मागे हटले आणि त्याच काळात काठावरचा ऊस किती टिकला, हे त्यांच्यात एकाच नजरेत दिसते. त्यासाठी दोन्हींवर एकच स्ट्रेच असायला हवा. जानेवारीच्या लेअरवर उजवे बटण दाबून `Copy Style`, मेच्या लेअरवर `Paste Style`. पुढेही लागणार असेल तर `.qml` फाइल करून ठेवा. मेमध्ये कोरडी जमीन उजळल्यामुळे B11 चे ४५०० अपुरे वाटले, तर दोन्ही तारखांना ५००० करा, एकाच तारखेला नको.

निर्यात करताना `Rendered image` आणि `Raw data` यांतला फरक लक्षात ठेवा. पहिल्यात स्ट्रेच दिलेले ० ते २५५ चे रंग साठवले जातात, दुसऱ्यात मूळ आकडे. अहवालात चिकटवायला पहिला, पुढच्या कुठल्याही हिशेबाला दुसरा. एका कामात मला अशी रंगीत टिफ मिळाली होती आणि तिच्यावरून कोणीतरी निर्देशांक काढून क्षेत्रफळेही जाहीर करून टाकली होती. धरणाच्या क्षेत्रात अर्धा ऊस बुडालेला पाहून चूक कळली, पण मूळ फाइल तोपर्यंत पुसलेली होती.

सेंटिनेलऐवजी लँडसॅट ८ किंवा ९ वापरत असाल, तर हीच जोडणी ६-५-३ अशी होते आणि आपल्या रिसोर्ससॅटच्या लिस-३ वर ५-४-२. लिस-४ चे तपशील सुंदर असतात, पण त्यात स्विर बँडच नाही, म्हणून भिजलेले काळे रान तिथे तारखांची तुलना करूनच ओळखावे लागते. तीनही ठिकाणी माझे आकडे चालणार नाहीत, कारण परावर्तनाचे मोजमाप प्रत्येकाचे निराळे आहे. पाच पृष्ठभागांवर क्लिक करून मर्यादा पुन्हा काढाव्या लागतील. सवय झाली की याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.